भाषेचं नाव माहीत नसलं तर फॉर्मवर काय लिहायचं?

"सर, आमच्या संस्थेची एक फोन लाईन आहे. गावातली माणसं तब्येत, रेशन, पीकविमा याबद्दल आपापल्या भाषेत मेसेज सोडतात आणि आम्ही त्यांना समजेल अशा भाषेत उत्तर रेकॉर्ड करून पाठवतो. फॉर्मवर 'भाषा' असा एक रकाना आहे. बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, गडचिरोली सगळीकडून मेसेज येतात, आणि भाषेचं नाव माहीत नसलं की कार्यकर्ते 'आदिवासी' लिहून मोकळे होतात, मग उत्तर भलत्याच भाषेत जाते. नाव माहीत नसेल तर तिथे नेमकं काय लिहायला सांगू?"

ताई, नाव माहीत नसेल तर नाव लिहूच नका म्हणा. ती भाषा कोण बोलते आणि कुठे बोलते ते लिहायला सांगा. म्हणजे गाव, टोला किंवा पोड, तालुका, गाव कोणत्या बाजूला आहे, त्या घरचे लोक स्वतःला काय म्हणतात आणि शेजारचे त्यांना काय म्हणतात, आपल्या बोलण्याला ते घरात कोणत्या नावानं ओळखतात, आणि गावात अजून कोणत्या भाषा चालतात. इतकं असलं तर उत्तर देणाऱ्याला भाषा शोधता येते. आणि उत्तर कोणत्या भाषेत पाहिजे हे त्याच माणसाला विचारून वेगळ्या ओळीत लिहायचं, कारण मेसेजची भाषा आणि उत्तराची भाषा दरवेळी एकच असते असं नाही.

'आदिवासी' या शब्दानं काय बिघडते ते आधी सांगतो, कारण कार्यकर्त्यांना ते पटल्याशिवाय ते लिहिणं सोडणार नाहीत. आपल्या विदर्भात या एका शब्दाखाली निदान चार वेगवेगळ्या कुळांच्या भाषा येतात. मेळघाटातली कोरकू ही मुंडा कुळातली, तिचे नातलग पार झारखंड-ओडिशाकडे, मुंडारी आणि संथाली. गोंडी, माडिया, कोलामी या द्रविड, म्हणजे तेलुगू-कन्नडच्या गोतातल्या. सातपुड्याच्या बाजूला भिलाला आणि बारेला लोक आहेत, त्यांचं बोलणं भिली गटातलं, गुजराती-राजस्थानीच्या जवळ जाणारं. आणि निहाली म्हणून एक आहे जिचं नातं आजवर कोणत्याच कुळाशी पक्कं जुळलेलं नाही. आता फॉर्मवर नुसतं 'आदिवासी' आलं तर ऑफिसमधला माणूस काय करणार, त्याच्याकडे जो कोणी आदिवासी सहकारी बसलेला असेल त्याला तो मेसेज देणार, तो धारणीचा कोरकू असला तर कोरकूत उत्तर जाते, अहेरीकडचा असला तर गोंडीत जाते, आणि तिकडे ऐकणाऱ्या बाईला दोन्हीतलं काही कळत नाही. कळलं नाही हे सांगायला ती परत फोनही करत नाही. म्हणून ही चूक ऑफिसात दिसतच नाही, कागदावर 'उत्तर दिले' असंच राहते.

आता एक केस पूर्ण सांगतो, जळगाव जामोद तालुक्यातली.

सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून एका म्हाताऱ्या बाईचा मेसेज आला होता, साधारण अर्ध्या मिनिटाचा. गावातल्या कार्यकर्तीनं फॉर्मवर लिहिलं, भाषा आदिवासी, कंसात कोरकू असेल. तिचा अंदाज अगदीच हवेतला नव्हता. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत कोरकू, बोपची, मौआसी, निहाल, नाहूल, बोंधी, बोंडेया ही सगळी नावं एकाच नोंदीत आहेत. जातीच्या दाखल्याचे कागद रोज हाताळणाऱ्या माणसाच्या डोक्यात निहाल म्हणजे कोरकूच बसलेला असतो. दाखल्यासाठी ती नोंद बरोबर आहे पण भाषेचा आणि तिचा काही संबंध नाही, ती यादी भाषांची नाहीच.

मेसेज धारणीच्या एका कोरकू भाऊंना ऐकवला. त्यांनी दोनदा ऐकला आणि म्हणाले, शब्द बरेच आपले आहेत पण ती काय सांगून राहिली ते लागत नाही. हे वाक्य कार्यकर्त्यांना नीट लक्षात ठेवायला सांगा, कारण चुकीची भाषा ओळखायची यापेक्षा सोपी खूण नाही. भाषा तीच पण बोली दूरची असली तर ऐकणारा म्हणतो, उच्चार वेगळा आहे पण समजते. भाषाच वेगळी असून शब्द उसने घेतलेले असले तर तो म्हणतो, शब्द ओळखीचे आहेत पण समजत नाही. निहालीत कोरकूतून आलेले शब्द भरपूर आहेत, पिढ्यान् पिढ्यांचा शेजार आहे, त्यामुळे एकेक शब्द पकडता येतो आणि वाक्य निसटून जाते.

मग कार्यकर्तीला परत त्या घरी जायला सांगितलं. आणि हे मुद्दाम सांगितलं की 'तुमची भाषा कोणती' असं विचारायचं नाही. त्या प्रश्नाला माणूस समोरच्याकडे पाहून उत्तर देतो. सरकारी माणूस वाटला तर मराठी सांगतो, दाखल्याचं काम असेल तर दाखल्यावरचं नाव सांगतो, बाहेरच्याला समजावं म्हणून आदिवासीही सांगतो. त्याऐवजी असं विचारायचं की आजी नातवाला हाक मारून जेवायला बोलावते ते बोलणं कोणतं, त्याला तुम्ही घरात काय म्हणता. त्यावर उत्तर आलं, काल्टो. पूर्ण म्हणायचं तर काल्टो मांडी, मांडी म्हणजे बोलणं. फॉर्मवरच्या भाषांच्या यादीत काल्टो नावाची भाषाच नव्हती, आणि इथे फॉर्म भरणारे हमखास अडकतात, यादीत नाही म्हणजे आपण चुकीचं ऐकलं असं समजून परत कोरकूवर टिक करतात. तिला तसं करू दिलं नाही, जे ऐकलं तेच लिहायला लावलं. शेवटी फॉर्मवर जे आलं ते असं होतं:

"जळगाव जामोद तालुका, जि. बुलढाणा, सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, डोंगराकडचा टोला. बोलणारी आजी, घरातले सगळे मोठे हेच बोलतात, शाळेतली पोरं आपसात मराठी पण बोलतात. स्वतःच्या बोलण्याला काल्टो म्हणतात. शेजारचे कोरकू त्यांना निहाल म्हणतात. गावात कोरकू आणि मराठी दोन्ही चालते, बाजारात हिंदीही. धारणीच्या कोरकू माणसाला मेसेज समजला नाही. आजीला कोरकू समजते, असं सून सांगते. आजीला अजून विचारलं नाही."

यादीतलं नाव नाही, तरी या टिपणात शोधायला लागणारं सगळं आहे. तालुका आणि डोंगराची बाजू यानं गोंडी, माडिया, कोलामी बाजूला पडतात, त्या तिकडच्या नाहीत. धारणीच्या भाऊंना समजलं नाही यानं कोरकू पडते. राहिली बारेली-भिलाली आणि निहाली. शेजारचे त्यांना भिलाला नाही, निहाल म्हणतात, आणि घरातलं नाव काल्टो आहे. भाषेच्या अभ्यासकांनी निहालीबद्दल जे लिहून ठेवलं आहे त्यात हे लोक स्वतःला काल्टो म्हणतात हे नोंदलेलं आहे, जागाही हीच दिली आहे, जळगाव जामोदची. शेवटची वाक्यं विशेष चांगली आहेत, सुनेनं सांगितलं पण आजीला विचारलं नाही हे तिनं प्रामाणिकपणे लिहिलं, त्यामुळे पुढच्या माणसाला काय करायचं बाकी आहे ते कळलं.

तरी खात्री करायला एक छोटी तपासणी केली. आजीकडून एक ते चार आकडे आणि पाण्याला काय म्हणता ते फोनवर रेकॉर्ड करून घेतलं. कोरकूत मोजतात मिया, बारी, आफई, उफून. आजीनं मोजलं बिडुम, इरार, मोठो, नालो. कोरकूत पाण्याला डा म्हणतात, ती म्हणाली जोप्पो. झालं, ही निहाली. गंमत म्हणजे इरार आणि नालो हे आकडे ऐकून एखादा तेलुगू जाणणारा म्हणेल ही द्रविड भाषा आहे, आणि इतर शब्द ऐकून कोरकू म्हणेल ही आमचीच. म्हणूनच एका शब्दावरून निकाल लावायचा नाही, आकडे, पाणी, घर, विस्तव, जेवलास का, असं पाच-सहा गोष्टींचं मिळून पाहायचं.

ही आकड्यांची तपासणी कुठे फसते तेही सांगतो. चारच्या पुढे जाऊ नका, निहालीत पाचपासून पुढे उसनेच आकडे येतात आणि बाकी ठिकाणीही वरचे आकडे मराठी-हिंदीचे असायची शक्यता फार. आश्रमशाळेत शिकलेल्या पोराला मोजायला लावलं तर तो एक-दोन-तीनच म्हणणार, कारण मोजणं तो शाळेत शिकला. बाजारात विकायला बसणाऱ्या माणसाचंही तेच. घरातली म्हातारी बाई असली तर उत्तम, आणि तिला मोजायला सांगण्यापेक्षा कोंबडीची पिल्लं किती आहेत ते दाखवून विचारा, मग ती स्वतःच्या भाषेत मोजते. गुरुजी किंवा सरपंच शेजारी उभे असताना तर विचारूच नका, सगळं मराठीत येते.

आता उत्तराचं. भाषा निहाली आहे हे कळलं पण निहालीत उत्तर रेकॉर्ड करून देणारं कोणी आपल्याकडे नव्हतं, आणि सहज मिळणारही नव्हतं. बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार लोक, तेही या थोड्याशा गावांतले. जनगणनेच्या भाषांच्या तक्त्यात दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असले तर ती भाषा वेगळी छापतच नाहीत, 'इतर' मध्ये टाकतात, म्हणून सरकारी यादीतही ती सापडत नाही. अशा वेळी मग सरळ मराठीत पाठवून द्या असं बरेचजण म्हणतात. पण आजीला विचारल्यावर तिनं कोरकू मागितलं, मराठी तिला बाजारापुरतं कळते, औषध दिवसातून किती वेळा घ्यायचं हे मराठीत ऐकून तिला खात्री वाटत नव्हती. मग जामोदकडच्याच एका कोरकू बाईंकडून उत्तर रेकॉर्ड करून घेतलं, आणि नातवाच्या मोबाईलवर तेच मराठीत लिहून पाठवलं. फॉर्मवर दोन ओळी झाल्या, मेसेजची भाषा निहाली, उत्तराची भाषा कोरकू आवाजात आणि मराठी लिहून. या दोन ओळी एकात कोंबल्या असत्या तर पुढच्या वेळी कोणीतरी आजीची भाषा कोरकू असं वाचलं असतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

यवतमाळकडची अडचण थोडी वेगळी आहे. तिथे नाव माहीत असते पण ते समाजाचं असते. केळापूर, झरी जामणी, मारेगाव या भागात कोलामांचे पोड आहेत. कोलाम म्हटलं की कार्यकर्ता भाषा कोलामी लिहून टाकतो, आणि पुष्कळ ठिकाणी ते बरोबरही निघते. पण काही पोडांवर नवी पिढी घरातही मराठीच बोलते, आणि तिकडे तेलंगणाच्या हद्दीकडे तेलुगूकडे वळलेले कोलामही आहेत. तेच परधानांचं, गोंडांच्या सोबत पिढ्यान् पिढ्या राहिले, पण घरात मराठी बोलणारे परधान विदर्भात भरपूर आहेत, त्यांना गोंडीत उत्तर पाठवलं तर ते म्हणतील आम्हाला काहून पाठवलं. म्हणून टिपणात समाज लिहायचाच, पण त्याच्या पुढे 'घरात कोण काय बोलते' हे लिहिल्याशिवाय ते टिपण अर्धवट समजायचं. कोलामी आणि गोंडी यातला फरक पाहायचा असला तर नुसत्या पाण्यावर जाऊ नका, कोलामीत ईर, गोंडीत येर, हे जवळजवळचं आहे, ऐकताना घाई केली तर फसाल. आकडे जास्त स्पष्ट पडतात, गोंडीत उंदी, रंड, मुंद, आणि कोलामीत ओक्कोद, इंदिंग, मूंदिंग. घरालाही गोंडीत रोन आणि कोलामीत एल्ला. दोन्ही एकाच कुळातल्या असल्या तरी कोलामला गोंडी आपोआप समजते असं धरू नका. शेजारामुळे ज्याला येते त्याला येते.

आणि गडचिरोलीत उलटं. तिथे नाव माहीत असते, गोंडी, आणि तरी काम भागत नाही. गोंडी हा लांबवर पसरलेला पट्टा आहे, बैतूलपासून आदिलाबाद, बस्तरपर्यंत, आणि या टोकाच्या माणसाला त्या टोकाचं बोलणं लागत नाही. 2011 च्या जनगणनेत गोंडी बोलणारे 29 लाखांच्या वर आहेत, सगळे एकसारखं बोलतील अशी अपेक्षाच चूक. तुमच्या उत्तर देणाऱ्याला हे जाणवायला मिठाचा शब्द घ्या. पश्चिमेकडच्या गोंडीत, म्हणजे बैतूल, यवतमाळ, आदिलाबादच्या बाजूला, मिठाला सोवर म्हणतात. पूर्व-दक्षिणेकडे गेलं की स चा ह होतो, होवर. आणि डोंगरातल्या माडियाकडे तो ह सुद्धा गळतो, ओवर राहते. हे एकाच शब्दापुरतं नाही, देणे या क्रियेतही असंच होते, सी, ही, ई. आता विचार करा, आदिलाबादकडच्या माणसानं रेकॉर्ड केलेल्या उत्तरात दर चौथ्या-पाचव्या शब्दाचं तोंड असं बदललेलं असलं तर भामरागडच्या बाईला ते किती लागणार.

म्हणून गडचिरोलीच्या फॉर्मवर भाषेच्या नावापेक्षा तालुका जास्त बोलतो. भामरागड, एटापल्लीचा डोंगराकडचा भाग म्हटलं की माडिया धरून चाला. अहेरी-सिरोंच्याकडे गोंडीत तेलुगूचे शब्द मिसळलेले मिळतात, आणि सिरोंच्यात तर तेलुगूच घरची असलेली कितीतरी गावं आहेत. कोरची-कुरखेडा-धानोऱ्याकडे छत्तीसगडी आणि हलबीचा शेजार आहे. मुलचेरा, चामोर्शीकडे बंगाली बोलणाऱ्यांच्या वसाहती आहेत, त्यांच्या फॉर्मवर गडचिरोली आहे म्हणून कोणी गोंडी टाकली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. तिथल्या कार्यकर्त्यांना एकच आग्रह धरा, जिल्हा लिहून थांबायचं नाही, तालुका आणि गाव लिहायचंच, आणि गाव नदीच्या किंवा डोंगराच्या कोणत्या बाजूला आहे तेही. आणि दाखल्यावर 'गोंड' असलं म्हणून गोंडी लिहायचं नाही, कारण त्या यादीत माडियाही गोंड या नोंदीखालीच येतात.

आता तुमच्या कॉम्प्युटरचं, कारण निम्मा घोळ तिथे होतो. सॉफ्टवेअरमध्ये मूळ भाषा मराठी ठेवलेली असली आणि भाषेचा रकाना रिकामा सोडला की ते आपल्या मनानं मराठी धरू शकते आणि उत्तर मराठीत निघून जाते. रिकामा सोडू नका. भाषांचे जे आंतरराष्ट्रीय कोड आहेत त्यात `und` हा कोड याच कामासाठी आहे, म्हणजे भाषा अजून ठरलेली नाही. त्याच्या पुढे `x` लावून आपली स्वतःची खूण जोडता येते, फक्त प्रत्येक तुकडा आठ अक्षरांच्या आत ठेवायचा आणि त्यात इंग्रजी अक्षरं आणि आकडेच चालतात. म्हणजे जामोदची ही केस आधी अशी नोंदवायची, आणि भाषा पक्की झाली की खालच्यासारखी बदलायची:

```
und-x-jamod
nll
```

`nll` हा निहालीचा कोड. कोरकूचा `kfq`, यवतमाळकडच्या कोलामीचा `kfb`, गोंडीचा एकत्र कोड `gon`, अहेरीकडच्या गोंडीचा `esg`. आणि माडियाचा `mrr`. इथे डोळ्यात तेल घालून पाहा, मराठीचा दोन अक्षरी कोड `mr` आहे आणि माडियाचा `mrr`, एक अक्षर जास्त. टाईप करताना शेवटचा `r` राहिला की भामरागडचा मेसेज मराठीच्या यादीत जाऊन बसतो आणि कोणाला काही चुकीचं वाटतही नाही, कारण मराठी उत्तर तयारच असते. आमच्याकडे मी एक नियमच केला होता की भामरागड आणि एटापल्लीहून आलेला मेसेज `mr` मध्ये दिसला तर तो दुसऱ्या माणसानं ऐकल्याशिवाय उत्तर जाणार नाही. खरंच मराठी बोलणारा असला तर दोन मिनिटं जास्त गेली, बाकी काही नाही.

कोड टाकला म्हणून वर्णन पुसू नका ही माझी कळकळीची विनंती आहे. आपल्याकडे सवय अशी की नाव सापडलं की जुनं टिपण काढून टाकतात, जागा स्वच्छ दिसावी म्हणून. पण नाव देणारा चुकू शकतो, आणि वर्णन पुसलेलं असलं की ते कधीच दुरुस्त होत नाही. काल्टो हा शब्द, शेजारचे निहाल म्हणतात हे, धारणीच्या माणसाला समजलं नाही हे, सगळं जसंच्या तसं राहू द्या, आणि खाली लिहा की कोणी, कधी आणि कशावरून निहाली ठरवली. दोन माणसांनी दोन नावं सांगितली तर दोन्ही ठेवा, एकाचं खरं मानून दुसरं खोडू नका, पुष्कळदा एक नाव घरातलं असते आणि एक बाहेरच्यांनी ठेवलेलं असते. बाहेरच्यांनी ठेवलेल्या नावाचा कधीकधी त्या लोकांना त्रासही होतो, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना घरातलंच नाव वापरा, बाहेरचं शोधण्यापुरतं ठेवा.

वर्णन करूनही भाषा कळलीच नाही असंही होते. विशेषतः फिरत्या लोकांचं, फासेपारधी आहेत, कामासाठी बाहेरून आलेले वीटभट्टीवाले आहेत, त्यांचं गाव लिहून काही उपयोग नसतो कारण ते तिथले नसतातच. त्यांच्या बाबतीत राहतात कुठे याच्या जोडीला मूळचे कुठले, बायको कुठून आणली, सोयरिक कुठे होते हे विचारून लिहायचं, भाषा त्या वाटेनं सापडते. आणि तोपर्यंत उत्तर अडवून ठेवू नका. त्या माणसाला दुसऱ्या कोणत्या भाषेत समजते ते विचारलेलं असते ना, त्या भाषेत उत्तर द्या, आणि उत्तराच्या शेवटी विचारा की हे नीट कळलं का, नाही कळलं तर कोणाकडून ऐकायला सोयीचं पडेल. गावातल्या कोणाचं तरी नाव ते सांगतात, पुढच्या वेळचा तुमचा दुभाषी बहुतेक तोच असतो.

तुमच्याकडे 'आदिवासी' लिहिलेले जे जुने मेसेज साचले आहेत ते सगळे एकदम उपसायला घेऊ नका, हात भरून येतील. आधी तालुक्यानुसार वेगळे करा. जळगाव जामोद आणि संग्रामपूरचे पहिले काढा, कारण तिथे कोरकू, निहाली, भिलाली-बारेली तिन्ही शेजारी शेजारी आहेत आणि चुकायची शक्यता सगळ्यात जास्त. त्यानंतर भामरागड-एटापल्लीचे. धारणी-चिखलदऱ्याचे मागे ठेवले तरी चालतील, तिथे कोरकू लिहिलेलं बहुतेक बरोबर निघते, फक्त गवळी आणि बलाई घरांचे मेसेज त्यात मिसळले असतील तर ते वेगळे करा. प्रत्येक जुन्या मेसेजवर परत फोन करून पहिला प्रश्न हाच विचारा की मागचं उत्तर समजलं होतं का.